सिमेंटच्या पत्र्यावर चढणाऱ्या पोरांशी अर्धा तास काय बोलायचं?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत एका हळदीच्या गोडाऊनचे पत्रे वळवात फुटलेत. पावसाळ्याआधी १४ सिमेंटचे आणि ६ फायबरचे पत्रे बदलायचेत. माझ्याकडे आठ पोरं आहेत, बेल्ट आहेत, फळ्या आहेत. मालक म्हणतोय, काम सुरू करायच्या आधी पोरांना सेफ्टीवर अर्धा तास सांगा. नेमकं काय सांगू? पोरांचं म्हणणं, "आम्ही नटाच्या लायनीवरनं चालतोय, काय हुत न्हाय."

उत्तर:

हे बोलणं ऑफिसात किंवा गेटजवळ करू नका. पोरांना गोडाऊनच्या आत, बरोबर त्या छपराखाली उभं करा आणि मान वर करायला लावा. वरून सगळे पत्रे सारखेच दिसतात. खालून मात्र छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या दिसतात, त्यांच्यावर आडवे टाकलेले, पत्रा ज्यांच्यावर टेकतो ते परलीन दिसतात आणि दोन परलीनमध्ये किती जागा मोकळी आहे तेही दिसतं. सहा मिलीमीटरच्या सिमेंटच्या पत्र्याला परलीन जास्तीत जास्त १.४ मीटरवर असतात. म्हणजे वर चालणाऱ्याच्या पायाखाली बहुतेक वेळा लोखंड नसतंच, नुसता पत्रा असतो. खालून बघताना पोरांना एकच गोष्ट सांगा: "पत्रा नाही असं समजा. आता सांगा, पाय कुठं ठेवणार?" पुढचं सगळं बोलणं या प्रश्नाच्या उत्तरावर उभं करा.

खालून बघताना फायबरचे पत्रे मोजून घ्या आणि ते कुठं आहेत ते खडूने जमिनीवरच काढा. उजेडासाठी बसवलेला हा पत्रा पाच-सात उन्हाळे खाल्ले की ठिसूळ होतो. वरून त्याच्यावर धूळ, शेवाळ, कबुतरांची घाण बसते आणि तो शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच राखाडी दिसायला लागतो. काही ठिकाणी तर गरम होतं म्हणून मालकाने अख्ख्या छपराला पांढरा रंग मारलेला असतो, फायबरसकट. मिरजेकडच्या एका गोडाऊनवर असंच झालं. समोरून दोघं पत्रा घेऊन येत होते, त्यांना वाट द्यायला एक जुना जाणता माणूस फळीवरून एक पाऊल बाजूला झाला. पाय पडला तो रंगवलेल्या फायबरवर. खाली पोत्यांची थप्पी होती म्हणून जीव वाचला, पण खुबा मोडला आणि त्याचं वर चढायचं काम कायमचं सुटलं. त्याला त्या छपरावर फायबर आहे हे माहीत होतं. कुठं आहे ते त्या क्षणी दिसलं नाही, एवढंच.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक फायबरच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी लाल पट्टी मारा. हे काम परांचीवरून किंवा फळीवरून करायचं, पत्र्यावर चालत जाऊन नाही.

आता नटाच्या लायनीचं. पोरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, आणि ते तसं आहे असं त्यांना ऐकवलंत तर पुढचं कुणी ऐकणार नाही. पत्रा परलीनला धरून ठेवणाऱ्या ‘J’ आकाराच्या हुकच्या, म्हणजे जे हुकच्या, नटाची रांग जिथं आहे तिथं खाली परलीन आहे, हे खरं. पण परलीन म्हणजे काय, तर ५० ते ७५ मिलीमीटर रुंदीचा अँगल. बुटाचा तळवा त्याच्यापेक्षा रुंद. त्यावर तिरक्या छपरावर, हातात स्पॅनर किंवा खांद्यावर पत्रा घेऊन चालायचं म्हणजे दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं. तोल जरा गेला की दुसरा पाय आपोआप बाजूला पडतो, आणि बाजूला नुसता पत्रा असतो. दुसरं असं की पत्रा सगळ्यात कमजोर तिथंच असतो. हुकासाठी भोक पाडताना, नट जास्त आवळताना आणि पुढं वर्षानुवर्षं ऊन-पावसात फुगताना-आकसताना भोकापासून केसासारख्या तडा सुटतात. वॉशर आणि डांबर यांच्याखाली त्या झाकल्या जातात.

हे दाखवायचं असेल तर चांगला पत्रा मुद्दाम फोडून दाखवू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲसबेस्टॉस असतो, त्याची धूळ छातीत जाऊन बसते ती परत निघत नाही. वळवात फुटून खाली पडलेला एखादा भोकाजवळचा तुकडा घ्या, तो पाण्याने भिजवा आणि पाच-दहा मिनिटं वाळू द्या. पृष्ठभाग आधी वाळतो, तडेत पाणी राहतं. भोकापासून निघालेली काळपट रेघ तेव्हा डोळ्यांना दिसते. तो तुकडा हातोहात फिरवायच्या ऐवजी प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून दाखवा. अर्ध्या तासाच्या बोलण्यात पोरांच्या लक्षात राहील ती ही रेघ.

पत्रा फुटायच्या आधी आवाज करतो, असंही एखादा म्हणेल. लाकूड करकरतं, लोखंडी पत्रा वाकतो, दबतो. सिमेंटचा पत्रा यातलं काही करत नाही. आत्ता वजन पेलतोय आणि पुढच्या क्षणी नाही. सकाळी ज्या पत्र्यावरून तीन वेळा गेलो तो चौथ्या वेळेला जातो, कारण आधीच्या तीन वेळांनी तड थोडी थोडी लांबवलेली असते. "काल गेलो होतो" याला म्हणूनच काही किंमत नाही. आणि नवा सिमेंटचा पत्रा चालायला चालतो, हाही गैरसमज काढून टाका. तो पाऊस अडवायला बनवलेला आहे.

यानंतर फळीवर या. इथं लागतो तो क्रॉलिंग बोर्ड, म्हणजे तीन फळ्या शेजारी शेजारी ठेवून आडव्या पट्ट्यांनी एकत्र केलेला पाट. पोरांकडे फळ्या आहेत असं तुम्ही म्हणता, पण त्या कशा टाकतात ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मी एक सुटी फळी पाहिली आहे, आणि तीही आढ्याला समांतर, म्हणजे पन्हळींच्या उंचवट्यांवर आडवी टाकलेली. दिसायला छान बसते, हलत नाही. पण ती दोन परलीनच्या मध्ये पडलेली असते. पत्रा फुटला की फळी, माणूस आणि पत्रा तिन्ही एकदम खाली जातात. अशी फळी नसती तर माणूस निदान घाबरून तरी चालला असता.

फळीचा नियम असा: पत्रा पूर्ण निखळून पडला तरी फळी परलीनवर अडकून राहिली पाहिजे. त्यासाठी ती वळचणीकडून आढ्याकडे, पन्हळीच्या दिशेने टाकायची आणि ती कमीत कमी तीन परलीनवर आली पाहिजे. तुमच्या छपराचा हिशेब करून बघू. परलीन १.४ मीटरवर आहेत असं धरलं, तर तीन परलीन म्हणजे २.८ मीटर. दोन्ही टोकांना १५-१५ सेंटीमीटर बाहेर निघायला हवेत, म्हणजे फळी ३.१ मीटरची. टोकं याहून जास्त बाहेर ठेवू नका. फळीचा शेवट परलीनच्या फार पुढे गेला आणि तिथं पाय पडला की दुसरं टोक उचलतं. नटाच्या रांगेचा खरा उपयोग इथं आहे. रांग बघून परलीन कुठं आहे ते ओळखायचं आणि फळीची टोकं त्याच्या थोडी पुढे येतील अशी ठेवायची. परलीनचं अंतर मात्र खाली टेप लावून स्वतः मोजा. जुन्या शेडमध्ये एखादा गाळा १.४ चा, शेजारचा १.६ चा, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

रुंदी ६० सेंटीमीटरपेक्षा कमी नको. साधारण २२५ मिलीमीटर रुंद आणि ३८ मिलीमीटर जाड अशा तीन फळ्या जोडल्या की साडेसदुसष्ट सेंटीमीटरचा पाट तयार होतो. गाठी असलेली, रंग मारलेली किंवा सेंट्रिंगला वापरून सिमेंटने माखलेली फळी घेऊ नका, तिची चीर दिसत नाही. वरच्या बाजूला एकेक फुटावर आडवी पट्टी मारा, पाय अडकायला. घसरू नये म्हणून वरचं टोक आढ्यावर अडकणारा हुक असलेलं असावं, किंवा फुटलेल्या पत्र्याच्या जागेतून दोर घालून परलीनला बांधलेलं असावं. जे हुकच्या नटाला तार गुंडाळणं म्हणजे बांधणं नव्हे.

असा लाकडी पाट ४५ किलोच्या आसपास भरतो. एकटा माणूस तो ओढायला लागला की तो फळीवरून उतरून पत्र्यावर गुडघे टेकणार, हे गृहीत धरा. म्हणून दोघांनीच हलवायचा, आणि पहिला पाट परांचीवरून वर सरकवायचा. हलवताना दोघंही दुसऱ्या एका टाकलेल्या पाटावर उभे असले पाहिजेत. याचा अर्थ एका जागी कमीत कमी दोन पाट लागतात. पत्रा बदलताना तर तीन, कारण बदलायच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाट टाकून त्यावर दोघं उभे राहतात आणि तिसरा जायच्या-यायच्या वाटेवर असतो. तुमच्याकडे किती आहेत ते मोजा. दोन असतील तर तिसरा येईपर्यंत वर जाऊ नका. ॲल्युमिनियमचे मिळाले तर भाड्याने घ्या, एवढ्याशा कामाला ते परवडतात आणि पोरांची कंबर वाचते.

आता एक प्रश्न मालकालाही विचारा आणि पोरांसमोरच विचारा: यातलं किती काम खालून होईल? जे हुकचा नट वर असतो, पण वाकडा भाग खाली परलीनला अडकलेला असतो. खालून चाकांची परांची लावून, चाकांना ब्रेक मारून, तो भाग हॅक्सॉने किंवा बोल्ट कटरने कापता येतो. फुटलेला पत्रा ओला करून दोघांनी खालीच उतरवून घ्यायचा. तीन मीटरचा अख्खा पत्रा चाळीस किलोच्या पुढे जातो, म्हणून परांचीच्या डेकवर दोघांना नीट उभं राहता येईल एवढी जागा हवी. तुमचे १४ फुटके पत्रे काढण्याचं बहुतेक काम असं खालून होईल. फुटका पत्रा काढायला वरून त्याच्या जवळ जाणं हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण त्याच्या शेजारचा पत्राही गारांचा मार खाल्लेला असतो. नवा पत्रा बसवताना मात्र त्याचं वरचं टोक वरच्या पत्र्याखाली आणि खालचं टोक खालच्या पत्र्यावर जायला हवं, ते नुसतं खालून जमत नाही. तेवढ्यासाठी वर माणूस लागतो, आणि त्याच्यासाठी हे पाट.

ग्राइंडरने पत्रा किंवा हुक कापायला अजिबात देऊ नका. पत्र्याला लागला की धूळ उडते, आणि गोडाऊनमध्ये रिकामी तागाची पोती असतील तर ठिणगीचं वेगळं.

कडेचा मुद्दा पोरांना पटकन पटतो, कारण कड दिसते. तरी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. वळचणीला परांची उभी करताना तिचा कठडा छपराच्या कडेपासून एक मीटरभर वर यायला हवा, मधे एक आडवा पाइप हवा आणि खाली १५ सेंटीमीटरची पाय अडवणारी फळी हवी. तिरक्या छपरावर माणूस उभ्याने क्वचित पडतो, तो बसल्या बसल्या किंवा पोटावर घसरत येतो. मधला पाइप आणि खालची फळी नसेल तर तो कठड्याखालून सरळ निघून जातो. आणि हा कठडा जमिनीवरून उभ्या केलेल्या परांचीचा हवा. पत्र्याच्या पन्हळीला, वळचणीच्या पत्र्याला किंवा पाणी जायच्या पाइपला बांधलेला कठडा म्हणजे नुसता देखावा.

दुसरी कड लोक विसरतात. दोन शेडच्या मध्ये पाणी वाहून जायची सिमेंटची पन्हळ असते, तिच्यातून चालणं सुरक्षित वाटतं. पाला-कचरा काढायला, पाणी तुंबलं म्हणून बघायला माणूस त्या पन्हळीतूनच जातो. खाली सिमेंट आहे, पण दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर तोच ठिसूळ पत्रा आहे. शेवाळावर पाय घसरला की आधारासाठी हात किंवा गुडघा त्या पत्र्यावरच जातो. पन्हळीतून नेहमी जावं लागत असेल तर दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर कायमचे पाट किंवा जाळी टाकायला मालकाला सांगा. एवढा खर्च आज नको असेल तर निदान पन्हळीच्या तोंडाशी फाटक लावून कुलूप घाला.

तसंच, तुम्ही एक पत्रा काढलात की छपराच्या मधोमध नवीन कड तयार होते. जेवणाची सुट्टी होईल तेव्हा ती भोकं उघडी राहता कामा नयेत. नवा पत्रा हाताशी असेल तरच जुना काढायचा, असा क्रम लावला तर ही भोकं एका वेळी एकापेक्षा जास्त होत नाहीत.

आता बेल्ट. मुद्दाम शेवटी घेतोय, कारण आपल्याकडे बोलणंच बेल्टवर सुरू होतं आणि बेल्टवर संपतं. बेल्ट बांधला की पोराला पत्र्यावर कुठंही जायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं. तुमच्या गोडाऊनमध्ये तो बेल्ट काय करेल, हे आकड्यात बसवून दाखवा.

समजा गोडाऊन ११ मीटर रुंद आहे, वळचण पाच मीटरवर आहे आणि छपराचा उतार नेहमीचा १८ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आढं पावणेसात मीटरच्या आसपास येतं. पोराने झटका शोषणारं पॅकेट असलेली दोन मीटरची दोरी पायाच्या पातळीवर अडकवली आहे. पत्रा फुटला. दोरी ताठ होईपर्यंत तो दोन मीटर खाली. मग पॅकेट उलगडतं, ते पावणेदोन मीटरपर्यंत उलगडू शकतं. पाठीवरच्या कडीपासून त्याचे पाय आणखी दीड मीटर खाली असतात. त्याशिवाय पायाखाली एक मीटर मोकळं हवं, कारण दोरी आणि बांधलेली जागा दोन्ही ताणतात. बेरीज सव्वासहा मीटर. वळचणीजवळ छप्परच पाच मीटरवर आहे. तिथं बेल्ट त्याला धरायच्या आधी जमीन धरते. आढ्याजवळ रिकाम्या जमिनीवर कसंबसं जमतं, पण खाली अडीच मीटरची हळदीची थप्पी असेल तर तिथंही नाही. पोती मऊ आहेत म्हणून चालेल, असं कुणी म्हणालं तर हळदीचं भरलेलं पोतं एकदा गुडघ्याने ढकलून बघायला सांगा.

दोरी आखूड केली तर? एक मीटरची केली तर ही बेरीज कमी होते, पण दोरी इतकी आखूड असेल तर काम करताना दर दोन पावलांनी हुक काढावा लागतो, आणि पोरं तो काढतात तेव्हा परत लावत नाहीत. वळचणीच्या कडेपर्यंत जाताच येणार नाही इतकीच दोरी ठेवायची, ही पद्धत कडेसाठी चांगली आहे. पण ती पायाखालच्या पत्र्याला लागू पडत नाही, कारण तिथं भोक तुम्ही जिथं उभे आहात तिथंच पडतं. म्हणून पायाखालच्या पत्र्यासाठी पाट आणि खाली जाळी, कडेसाठी कठडा, आणि बेल्ट या सगळ्यातून जे उरेल त्यासाठी.

जाळी म्हणजे सुरक्षेची नायलॉनची गाठींची जाळी, शेतात पक्ष्यांसाठी लावतात ती नाही. ती कैचीच्या खालच्या पट्टीला, काम चालू आहे त्या दोन कैच्यांमधल्या गाळ्यापुरती बांधायची. पाच मीटर उंचीवर बांधली की खाली निदान तीन मीटर मोकळे हवेत, कारण माणूस पडल्यावर ती खाली झुकते. म्हणजे त्या गाळ्यातली थप्पी दोन मीटरवर आणायची किंवा हलवायची. मालक इथं कुरकुरणार. त्याला सांगा की रोज एकाच गाळ्यातली पोती हलवायची आहेत, अख्ख्या गोडाऊनची नाहीत. जाळी मिळत नसेल तर त्या गाळ्यात पत्र्याखाली मीटरभरावर परांचीचा पूर्ण डेक करा. खालून हुक कापायला तो लागणारच आहे, म्हणजे एका डेकमध्ये दोन्ही कामं होतात. मला विचाराल तर तुमच्या कामाला डेकच बरा.

बेल्ट घालायचाच, पण कमरेचा नाही. कमरेच्या पट्ट्याने झटका पोटात आणि मणक्यात बसतो. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला, आणि हुक पाठीवरच्या कडीत. मांडीच्या पट्ट्यात हात सपाट जाईल पण मूठ जाणार नाही इतका घट्ट. शिवणीचा धागा तुटलेला, पट्टा उन्हाने पांढरा पडलेला, रंगाने कडक झालेला किंवा एकदा कुणाला धरलेला हार्नेस पोरांसमोर कात्रीने कापून टाका. बाजूला नुसता टाकलात तर संध्याकाळी कुणीतरी तोच घालून वर असेल.

हुक कशाला अडकवायचा, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पडणाऱ्या माणसाचा झटका पेलायला बांधलेली जागा निदान दीड टन धरणारी हवी. जे हुक, वळचणीचा पाइप, ज्यावर उभा आहे तोच पाट, गंजका परलीन, यातलं काही चालणार नाही. कैचीचा वरचा सांधा, जिथं दोन-तीन अँगल एकत्र येतात, तिथं पट्ट्याचा फास घालायचा. पत्रा काढलेल्या जागेतून तो सांधा हाताशी येतो. लांब दोर लावायचा असेल तर तो आढ्यावरून पलीकडे खांबाला बांधून त्यावर सरकणारा पकड-हुक वापरतात, पण दोर आढ्याच्या धारेवर घासतो, फुटलेल्या पत्र्याची धार तर सुरीच असते. तिथं दोराखाली जाड रबर किंवा पाइपचा तुकडा घालायचा. आणि माणूस दोराच्या रेषेपासून बाजूला गेला की पडताना झोका घेऊन कैचीवर आदळतो, म्हणून दोन मीटरहून जास्त बाजूला काम असेल तर दोर हलवायचा.

लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, हेही कागदावर नव्हे तर तोंडी ठरवून ठेवा. हार्नेसमध्ये न हलता लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. १०८ ला फोन करायचाच, पण त्यांची वाट बघायची नाही. चाकांची परांची त्या गाळ्याखाली आणायला कोण, ब्रेक कोण मारणार, वर कोण जाणार, ही नावं सकाळी ठरवा. एकदा ती परांची खरोखर ढकलून बघा. खालच्या पोत्यांमुळे ती अडते का, हे तेव्हाच कळतं.

हवेचं थोडक्यात. दुपारी चारनंतर वळवाचा वारा सुटायची चिन्हं दिसली की नवे पत्रे वर उचलू नका, तीन मीटरचा पत्रा वाऱ्यात माणसाला घेऊन जातो. पाऊस थांबल्यावर लगेच वर जायचं नाही, छप्पर वाळू द्या. सकाळचं दव असतं तेव्हा छपरावर पाय ठरत नाही.

बोलून झालं की एकेकाला विचारा. "समजलं का?" असं नको, सगळे हो म्हणतात. खालून एक जागा दाखवा आणि म्हणा, "तिथं जायचंय, पहिला पाट कुठं टाकणार?" उत्तर चुकलं तर दुसऱ्या पोराला दुरुस्त करू द्या. तुमच्या आठांतले तीन-चार जणच वर जातील असं ठरवा, बाकीचे खाली. आणि खालचे कुठं उभे राहणार नाहीत तेही सांगा: काम चालू आहे त्या गाळ्याखाली दोरी बांधून जागा बंद करा, हमाल तिथून पोती घेऊन जाणार नाहीत, हे गोडाऊनच्या मुकादमाला आधी सांगून ठेवा.

शेवटचं, शिडीचं. नुसते पत्रेवालेच नाही, इतर माणसंही पत्र्यातून खाली जातात: लाइटवाला, गळती बघायला चढलेला वॉचमन, मालकाचा भाचा मोबाइलवर फोटो काढायला. त्यांना तुमचं बोलणं ऐकवलेलं नसतं आणि त्यांचं काम "दोन मिनिटांचं" असतं. म्हणून संध्याकाळी शेवटचा माणूस उतरला की शिडी काढून खोलीत ठेवून कुलूप घाला, परांचीची खालची पायरी फळी बांधून बंद करा, आणि किल्ली मालकाकडे न देता तुमच्या खिशात ठेवा.